फोटो काढायची परवानगी वेगळी, टाकायची वेगळी

नमस्कार मंडळी. वारी तोंडावर आली आहे. यंदाही आपल्यातले बरेच जण पालखी पुण्यात आली की कॅमेरे घेऊन निघतील, काही दिवे घाटापर्यंत चालत जातील. त्याआधी दहा मिनिटं एकाच गोष्टीवर बोलायचंय. अनोळखी माणसाचा चेहरा नेटवर टाकण्याआधी त्याला विचारायचं कसं?

डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी कॅमेऱ्याकडे बघून हसतात, मान डोलावतात. तो होकार फोटो काढायला असतो. तोच चेहरा इन्स्टाग्रामवर जाईल, हजारो लोक बघतील, कुणीतरी त्यावर भलतंच काही लिहून पुढे ढकलेल, हे त्यांच्या डोक्यातही नसतं. म्हणून प्रश्न दोन विचारायचे. ‘फोटो काढू का?’ हा पहिला. दुसरा असा: ‘माउली, हा फोटो मी मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा टाकला तर चालेल का? तुमच्या गावचेही बघतील.’ ‘सोशल मीडिया’ हा शब्द वापरू नका. ‘तुमच्या गावचेही बघतील’ म्हटलं की माणूस खरा विचार करतो. घरी न सांगता वारीला आलेलेही असतात.

कँडिड फोटो आधी विचारून मिळत नाही, हे मान्य. मग आधी काढा आणि नंतर विचारा, पण तिथेच. दिंडी चालत असताना कुणाला अडवू नका. टाळ-मृदंगात काही ऐकूही येत नाही, आणि आजींचे दोन्ही हात तुळशीला असतात. विसाव्यापर्यंत सोबत चला. तिथे कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवा, चेहरा झूम करून दाखवा. उन्हात पडदा दिसत नाही, हाताने सावली धरा. न बघता दिलेल्या होकारावर अवलंबून राहू नका.

हो म्हणाल्या, तर फोनवर पंधरा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा: फोटो कुठे टाकणार, नाव लिहायचं की नाही, आणि त्यांचं उत्तर. मग दिंडीचा क्रमांक लिहून घ्या, रथापुढची की रथामागची तेही. पुढे काही विचारायचं झालं तर लाखोंच्या गर्दीत माणूस सापडतो तो त्या क्रमांकावरूनच. आपलं नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात द्या. फोन नसेल तर पत्ता घ्या आणि ४ × ६ची प्रिंट पोस्टाने पाठवा. पाठवतो म्हटलं की पाठवायचीच. न पाठवलेल्या प्रिंटांमुळे पुढच्या फोटोग्राफरला लोक हात जोडून नको म्हणतात.

नाही म्हणाल्या, तर समोरच डिलीट करा. इथे एक चूक हमखास होते. दोन कार्डांचा कॅमेरा रॉ एका कार्डावर आणि जेपीजी दुसऱ्यावर लिहीत असेल, तर डिलीट केल्यावर बऱ्याचदा एकाच कार्डावरून जातो. दोन्ही तपासा. फोनवर आपोआप ट्रान्सफर चालू असेल, तर एक प्रत तिथेही असते, आणि तिथून क्लाउडवर.

लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारायचं. शेजारी उभ्या असलेल्या काकांचा होकार पुरत नाही. मूल स्वतः तोंड लपवत असेल, तर घरच्यांनी हो म्हटलं तरी टाकू नका. नदीवर आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचा फोटो काढायचाच नाही. झोपलेल्या किंवा चक्कर येऊन पडलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून चेहरा दिसणार नाही अशी फ्रेम घ्या: भेगाळलेली टाच, उशाशी ठेवलेले टाळ. असे फोटो कितीतरी वेळा चेहऱ्यापेक्षा सरस ठरतात.

कायद्याचं थोडक्यात. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचा असतो. पण त्या हक्कात समोरच्याची संमती आपोआप येत नाही. जाहिरातीसाठी फोटो द्यायचा असेल, तर सहीचं संमतीपत्र लागेलच असं धरून चाला. स्पर्धेसाठीही वेगळं विचारा, कारण बक्षीस मिळालं की फोटो पेपरात येतो.

घरी आल्यावर लाइटरूम क्लासिकमध्ये रंग लावा: होकार असेल तर ८ दाबून हिरवा, विचारायचं राहिलं तर ७ दाबून पिवळा. फक्त हिरवेच एक्स्पोर्ट करायचे आणि तिथे ‘Remove Location Info’ वर टिक करायची. पिवळा फोटो कितीही चांगला असला तरी तो हार्ड डिस्कवरच राहील. आपल्या ग्रुपवरही टाकू नका, तिथून तो बाहेर जायला मिनिट लागत नाही. कॅप्शनमध्ये ‘हतबल’, ‘गरीब’ असले शब्द नकोत. त्या आजी दरवर्षी स्वतःच्या पायांनी पंढरपूर गाठतात. आणि कुणाचा फोन आला, ‘टाकलेला फोटो काढून टाका’ म्हणून, तर कारण न विचारता त्याच दिवशी नेटवरून काढून टाका. ज्यांनी तो पुढे शेअर केला असेल, त्यांनाही कळवा.

कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येकी वीस घ्या आणि नाव-नंबर आजच लिहून ठेवा. घाटात पावसात पेन चालत नाही.