विषय: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर पदाच्या निवड प्रक्रियेतून माघार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपल्या चाकणच्या कारखान्यातील सप्लायर क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी सुरू असलेल्या निवड प्रक्रियेतून मी माझे नाव मागे घेत आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीची ऑफर मी शनिवारी स्वीकारली असून त्यांच्या ऑफर लेटरवर सही करून ते परत पाठवले आहे. त्यामुळे येत्या गुरुवारी प्लांट हेड साहेबांबरोबर ठरलेली शेवटची फेरी कृपया रद्द करावी. त्या दिवसासाठी माझ्या नावाने काढलेला गेट पास आणि पुणे स्टेशनवरून सांगितलेली गाडीही रद्द करावी, म्हणजे कोणाचा वेळ वाया जाणार नाही.

पहिल्याच फोनवर आपण विचारले होते, तेव्हा आणखी एका ठिकाणी माझ्या मुलाखती सुरू असल्याचे मी सांगितले होते. त्या कंपनीच्या ऑफरची मुदत शनिवारी संध्याकाळी संपत होती. म्हणूनच शुक्रवारी सकाळी मी आपल्याला फोन करून शेवटची फेरी अलीकडे घेता येईल का, असे विचारले. ग्राहकाच्या ऑडिटमुळे प्लांट हेड साहेबांना बुधवारपर्यंत वेळ नव्हता, ही अडचण मी समजू शकते. तरीही आपण त्याच दिवशी त्यांच्याशी बोलून मला स्पष्ट उत्तर कळवलेत, याचे मला फार मोल वाटते. उत्तराची वाट पाहत राहण्याचा अनुभव नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला असतो, आणि आपण ती वेळ माझ्यावर एकदाही येऊ दिली नाही.

निर्णयाचे कारणही आपल्याला मोकळेपणाने सांगते. माझ्या वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असते आणि आमचे घर नाशिकलाच आहे, त्यामुळे घरून जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी मिळत असताना ती नाकारणे मला शक्य नव्हते. पगार किंवा पदनाम हा यातला मुद्दा नाही. त्यामुळे आपण त्याबाबत फेरविचार करू शकलात, तरी माझा निर्णय तोच राहील. हे आधीच लिहिते आहे, कारण आपल्याला वरिष्ठांकडे विनाकारण शब्द टाकावा लागू नये.

तांत्रिक फेरीत क्वालिटी विभागाच्या साहेबांनी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमधल्या पोरोसिटीवर जवळजवळ तासभर चर्चा केली. पुरवठादाराकडून निघताना पार्ट बाहेरून निर्दोष दिसतो आणि आपल्याकडे मशिनिंग झाल्यावर आतली छिद्रे उघडी पडतात, अशा वेळी ती अडकलेल्या हवेची गोल, गुळगुळीत छिद्रे आहेत की धातू आकसल्याने झालेली वेडीवाकडी पोकळी, हे आधी ठरवल्याशिवाय पुरवठादाराकडून ८डी मागवू नये, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटला. एवढ्या बारकाईने बोलणारे मुलाखतकार क्वचित भेटतात. माझे आभार त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावेत.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. संदर्भासाठी मी ज्या दोन वरिष्ठांची नावे दिली होती, त्यांना मी आजच कळवले आहे. आपल्याकडून त्यांना फोन जाऊ नये, अशी विनंती आहे. माझ्या पगाराच्या स्लिपा, आधार आणि पॅन कार्डच्या प्रती आपल्याकडे आहेत. त्या काढून टाकाव्यात आणि तसे एका ओळीत कळवावे. माझा बायोडेटा मात्र पुढील भरतीसाठी ठेवायला माझी हरकत नाही. सरावासाठी आपण दिलेले ड्रॉइंग आणि त्यावरून मी तयार केलेला कंट्रोल प्लॅन या दोन्ही फाइल्स मी माझ्या लॅपटॉपवरून काढून टाकल्या आहेत, आणि त्यातली माहिती नव्या नोकरीत किंवा अन्यत्र कुठेही वापरणार नाही.

हे पद लवकर भरायचे आहे, असे आपण म्हणाला होतात. माझ्या ओळखीचे एक इंजिनिअर सध्या भोसरीत कास्टिंग आणि मशिनिंगच्या पुरवठादारांचे काम पाहतात. पीपॅप आणि पुरवठादारांचे ऑडिट ते स्वतंत्रपणे करतात आणि त्यांना चाकणला काम करायचे आहे. त्यांना विचारूनच हे लिहीत आहे. आपली इच्छा असल्यास कळवावे, मी त्यांना थेट आपल्याकडे बायोडेटा पाठवायला सांगेन.

याबाबत काही विचारायचे असल्यास संध्याकाळी सहानंतर कधीही फोन करावा.

आपली विश्वासू,
रेश्मा