प्रकल्प अहवालाच्या मसुद्यावर अभिप्राय : मिठाच्या पाण्यात मुगाचे बीजांकुरण

प्रिय सानिका,

तुझा मसुदा आणि नोंदवही शेजारी ठेवून वाचली. प्रयोग चांगला झाला आहे. अहवाल मात्र अजून त्या प्रयोगाच्या तोडीचा झालेला नाही, आणि तो करायला पाच दिवस पुरेसे आहेत.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पान ४ वरचं हे वाक्य : ‘मूळ २ मिमी बाहेर आल्यावरच बी अंकुरले असे धरले.’ बी नुसतं फुगलं, साल तडकली, की मोड आला म्हणून मोजायचा मोह होतो. मग मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. तू मोजण्याआधीच नियम ठरवलास आणि तो लिहूनही ठेवलास. दर २४ तासांच्या नोंदीही एकही दिवस न चुकता आहेत. त्यांचा उपयोग पुढे सांगते.

आता तक्ता २. त्यात ०.५ टक्के द्रावणासमोर ८७.५ टक्के अंकुरण लिहिलं आहेस. पद्धतीत म्हटलं आहे की प्रत्येक तीव्रतेला तीन डिश, प्रत्येकीत २० बिया, म्हणजे एकूण ६०. साठाचे ८७.५ टक्के म्हणजे साडेबावन्न बिया! वही पाहिल्यावर उलगडा झाला : तिसऱ्या डिशमध्ये बुरशी आली, म्हणून ती सोडून तू ४० पैकी ३५ धरल्या आहेस. ती डिश वगळणं चुकीचं नाही, पण न सांगता वगळणं चालणार नाही. तिच्यात ११ बिया अंकुरल्या होत्या. ती धरली तर ६० पैकी ४६, म्हणजे ७६.७ टक्के होतात. फरक जवळजवळ अकरा टक्क्यांचा आहे. दोन्ही आकडे दे, कारण लिही आणि कोणता वापरलास ते सांग. शिवाय तक्त्यात सरासरीच्या आधी तिन्ही डिशचे आकडे वेगवेगळे दाखव. १८, १७, ११ असं समोर दिसलं की वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. डिश सुकू नये म्हणून तू रोज २ मिली तेच मिठाचं द्रावण घातलंस. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. १ टक्क्याच्या डिशमध्ये सुरुवातीला ५ मिली द्रावण, म्हणजे ०.०५ ग्रॅम मीठ होतं. चार वेळा २ मिली घातल्यावर ते ०.१३ ग्रॅम झालं. डिशमधलं पाणी साधारण ५ मिलीच राहिलं असेल, तर पाचव्या दिवशी बिया १ नव्हे, सुमारे २.६ टक्क्यांच्या द्रावणात होत्या. भर घालताना साधं ऊर्ध्वपातित पाणी घालायला हवं होतं. पण सगळा प्रयोग पुन्हा करू नकोस. तुझ्याकडे दुसऱ्या दिवसाचे आकडे आहेत आणि तोवर भर एकदाच पडली होती. मुख्य आलेख त्या आकड्यांवर काढ, पाचव्या दिवसाचे आकडे पुरवणी तक्त्यात ठेव. तीव्रतेच्या स्तंभाला ‘सुरुवातीची तीव्रता’ असं नाव दे आणि मर्यादांमध्ये हा हिशेब मांड. असा हिशेब असलेला अहवाल परीक्षकही जास्त विश्वासाने वाचतील.

निष्कर्षात ‘मिठामुळे बी मरते, म्हणून खारपड जमिनीत मूग घेऊ नये’ असं आहे. या वाक्याचे दोन्ही भाग प्रयोगातून निघत नाहीत. १.५ टक्क्यांत ६० पैकी ९ बिया अंकुरल्या. उरलेल्या मेल्या, की खाऱ्या द्रावणातून त्यांना पुरेसं पाणीच शोषता आलं नाही, हे तू तपासलेलं नाहीस. तपासणं सोपं आहे : २० बिया तीन दिवस १.५ टक्के द्रावणात झाकून ठेव, न अंकुरलेल्या धुऊन साध्या पाण्यात घाल आणि दोन दिवस बघ. मोड आले तर बी जिवंत होतं. आज लावलंस तर पाच दिवसांत निकाल हाती येईल. नाही जमलं तर निदान ‘मरते’ हा शब्द काढ. जमिनीबद्दलचं वाक्य तर काढूनच टाक, कारण डिशमधलं अंकुरण म्हणजे शेतातलं पीक नव्हे.

किरकोळ : आलेखाच्या दोन्ही अक्षांना नाव आणि एकक दे, उभा अक्ष शून्यापासून सुरू कर. मीठ आयोडीनयुक्त होतं का ते लिही. प्रस्तावनेतली मुगाच्या पोषणमूल्यांची दोन पानं सुबक लिहिली आहेस, पण तुझ्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. त्याऐवजी बी पाणी कसं शोषतं यावर अर्धं पान हवं.

आधी तक्ता २, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. गुरुवारी मधल्या सुट्टीत सुधारलेला तक्ता आणि वही घेऊन प्रयोगशाळेत ये, आलेख तिथेच बसून काढू.

– कुलकर्णी मॅडम