कलम ६.२ : मुख्य विश्लेषण, सहचल आणि गहाळ माहिती (आवृत्ती १.०)

पेडणे, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या चार आरोग्य केंद्रांवर होणाऱ्या या चाचणीचा मुख्य प्रश्न एकच आहे : आरोग्यसेविकेच्या मासिक घरभेटींमुळे सहा महिन्यांनंतरचा सिस्टोलिक रक्तदाब नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत किती उतरतो? रँडमायझेशन केंद्रवार होणार असून पहिल्या सहभागीचा गट ठरण्याआधीच हे कलम कायम केले जात आहे.

मुख्य विश्लेषण रेषीय रिग्रेशनने होईल. रक्तदाब तीनदा मोजून दुसऱ्या व तिसऱ्या मोजणीची सरासरी घ्यावी. भेट सहाव्या महिन्याच्या तीन आठवडे अलीकडे-पलीकडे चालेल. चवथीच्या दिवसांत माणसे घरच्या कामांत गुंतलेली असतात, म्हणून एवढी सैल मुदत.

```r
lm(sbp_6m ~ arm + sbp_0 + age + sex + dm + phc)
```

सुरुवातीचा रक्तदाब व वय सलग आकडे म्हणूनच घ्यायचे, त्यांचे गट पाडायचे नाहीत. केंद्र घटक म्हणून राहील, कारण रँडमायझेशन त्यावर आधारलेले आहे. मधुमेह प्रवेशाच्या वेळच्या नोंदीनुसार धरावा. गोळ्या किती नियमित घेतल्या हे मॉडेलमध्ये मुळीच येणार नाही : ते घरभेटींचेच फळ असू शकते, आणि ते घातले तर ज्याचा शोध घ्यायचा तोच परिणाम झाकला जाईल. आकडे पाहून सहचल वाढवणे किंवा गाळणेही नाही. `arm` चा गुणांक, त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा आणि दुतर्फी पी-मूल्य द्यावे. प्रमाण त्रुटी HC3 पद्धतीची. डॉक्टरांनी औषध बदलले तरी सहभागी मूळ गटातच मोजला जाईल.

गहाळ माहितीबाबत आम्ही अधिक सावध आहोत. बरे वाटू लागलेला माणूस केंद्रावर येत नाही, आणि बांबोळीला दाखल झालेलाही येत नाही. दोघांची रिकामी जागा सारखी दिसते, कारण मात्र उलटे असते. म्हणून फक्त पूर्ण नोंदी घेऊन मुख्य निष्कर्ष काढायचा नाही. मॉडेलमधील सर्व चलांबरोबर तिसऱ्या महिन्याचा रक्तदाब आणि केंद्रापासूनचे अंतर वापरून, साखळी समीकरणांनी, प्रत्येक गटात वेगवेगळी ५० वेळा भरणी करावी व निकाल रुबिनच्या नियमांनी एकत्र करावेत. शेवटची नोंद पुढे ओढणे वर्ज्य. रुग्णालयातल्या केस पेपरवरचा रक्तदाबही भरायचा नाही : तिथला पट्टा वेगळा, वेळ वेगळी. मृत सहभागींचा रक्तदाब भरला जाणार नाही. मृत्यू गटवार स्वतंत्रपणे नोंदवले जातील.

ही भरणी ‘गहाळ होणे नोंदलेल्या माहितीवरून समजते’ या गृहीतकावर उभी आहे आणि ते आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. त्यामुळे घरभेटींच्या गटातल्या भरलेल्या मूल्यांत २, ४, ६, ८ आणि १० मिमी पारा मिळवून विश्लेषण पुन्हा केले जाईल, आणि निष्कर्ष कुठल्या आकड्याला बदलतो ते अहवालाच्या मुख्य तक्त्यात छापले जाईल. रँडमायझेशन सुरू झाल्यावर या कलमात बदल करावा लागला, तर तारीख व कारणासह नवी आवृत्ती निघेल. ही आवृत्ती तिच्यासोबत जोडलेली राहील.