सणाला एकत्र जमायचं: कोणी काय करायचं

सगळ्यांना नमस्कार. काल रात्रीपासून ग्रुपवर खूप व्हॉइस नोट्स आल्या. काहींनी मधल्या ऐकल्या नाहीत, आणि बाबांना गाडी चालवताना ऐकता येत नाहीत. म्हणून मी सगळ्या पहिल्यापासून ऐकून, कोणाच्या वाट्याला काय आलं ते खाली लिहिलंय. जे खरंच ठरलं त्याला 'ठरलं' म्हटलंय. जे माझं सुचवणं आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय, त्यावर हो-नाही सांगा. निनाददादा, हा मेसेज ग्रुपवर पिन कर. काकू, आजीला तेवढा वाचून दाखवा.

आधी जे बदललं ते. सुरुवातीच्या नोट्समध्ये सगळे आमच्याकडे जमणार होते. ते रद्द. आमचा जिना आजीला चढवणार नाही, म्हणून मोठ्या काकांकडेच जमायचं ठरलं. दुसरं, धाकट्या काकांनी आधी रविवारी दुपारी पोचतो म्हटलं होतं, त्यावरून जेवण दीडला ठेवायचं चाललं होतं. नंतरच्या नोटमध्ये ते शनिवारी रात्री नऊपर्यंत येतायत. त्यामुळे रविवारी जेवण साडेबाराला, हेच धरा. आजी आणि आतोबा दोघांनाही मधुमेहाची औषधं जेवणाच्या वेळेप्रमाणे घ्यावी लागतात, तेव्हा ही वेळ पुढे ढकलायची नाही.

आपण एकूण १८ जण, त्यात सईचं बाळ धरून. म्हणजे पानं १७.

वहिनी: तुझी सकाळची नोट बहुतेकांच्या ऐकण्यातून निसटली असावी, कारण तिच्यावर कोणीच बोललं नाही आणि नंतर सगळ्यांनी शनिवारची पूर्वतयारी तुझ्याच नावावर टाकली. तुला शनिवारी चारपर्यंत ऑफिस आहे, घरी यायला पाच होतात. तेव्हा शनिवारची निवडणं-चिरणं तुझ्याकडे नाही. तुझ्याकडे रविवारचा भात आणि भाजी, आणि सोबतीला आई. बस, इतकंच.

आई: शनिवारी दुपारी तीनला काकूंकडे जाऊन भाज्या निवडणं आणि वाटण करून ठेवणं. तू 'सगळा स्वयंपाक मी बघते' म्हणालीस, पण ते नको. १७ जणांचं एकटीने केलंस तर जेवायला बसेपर्यंत तुझ्यात जीव उरणार नाही, आणि सगळ्यांशी बोलायला तर तू येतेयस. वाटण रात्री फ्रिजमध्येच ठेव, बाहेर नको. फ्रिजमध्ये जागा करून द्यायचं काकूंनी कबूल केलंय.

काकू: घर तुमचं, त्यामुळे कामं आपोआप तुमच्याकडे सरकतात. म्हणून तुमची यादी मुद्दाम छोटी ठेवलीय: कोणती भांडी कुठे आहेत ते दाखवणं आणि आजीच्या औषधांवर लक्ष. माळ्यावर चढायचं नाही. गुडघा दुखतोय हे तुम्ही नोटच्या शेवटी हळूच बोललात, पण ऐकलं मी.

ओंकार: माळ्यावरची मोठी पातेली आणि जास्तीची ताटं शुक्रवारी संध्याकाळी काढून, धुऊन, पुसून ठेवायची. ताटं १७ आहेत का ते मोजून ग्रुपवर सांग. कमी असतील तर आपल्याकडची शनिवारी आईबरोबर जातील. सतरंज्याही तूच ने.

मोठे काका: खुर्च्या. खाली बसायला न जमणारे चार जण आहेत: आजी, आतोबा, काकू आणि बाबा. तुम्ही म्हणालात की शेजाऱ्यांकडून दोन मिळतील, घरात दोन आहेत. म्हणजे पुरल्या, फक्त शेजाऱ्यांना आजच विचारून ठेवा. पिण्याचं पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवायचं, तेही तुमच्याकडे.

आत्या आणि धाकटी काकू: तुम्ही दोघींनी गोड आणते म्हणून वेगवेगळ्या नोट्समध्ये सांगितलंय. दोघींचं मिळून फार होईल, आणि आजी-आतोबांना तर गोड जपूनच खावं लागतं. माझं सुचवणं असं की गोड आत्याने आणावं, कारण तिने आधी सांगितलं आणि आजीला तिच्या हातचं हवंय. धाकट्या काकूने मुलांसाठी संध्याकाळचा कोरडा खाऊ आणावा. प्रवासात तो टिकेलही. तुम्ही दोघी आपापसात फोनवर बोलून वेगळं ठरवलंत तरी चालेल, फक्त शुक्रवारी सकाळपर्यंत इथे लिहा.

बाबा: शनिवारी संध्याकाळी सहाला स्टेशनवर आत्या आणि आतोबांना घ्यायला जायचं. आतोबांना सामान उचलू देऊ नका, असं आत्याने दोनदा बजावलंय. सई आणि समीरराव स्वतःच्या गाडीने येतायत, त्यांना घ्यायला जायची गरज नाही.

सई: तुला एकही काम नाही. बाळाची झोप मोडेल ही तुझी काळजी रास्त आहे, म्हणून तुम्ही तिघं रात्री आमच्याकडे राहा. मागची खोली रिकामी आहे, तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. बाळासाठी गरम पाणी आणि लागेल ते मी बघते. तू फक्त बाळाचं पांघरूण आण, कारण त्याशिवाय ते झोपत नाही असं तूच म्हणालीस.

बाकी सगळे मोठ्या काकांकडे. आत्या-आतोबा आजीच्या खोलीत, धाकटे काका, काकू आणि जुळी हॉलमध्ये. हॉलमधल्या गाद्यांचं निनाददादाने बघायचं. दादा, गाद्या शनिवारी सकाळीच उन्हात टाक, संध्याकाळी आठवलं तर उपयोग नाही.

धाकटे काका: हिशोब. ज्याने जे आणलं त्याची पावती तुम्हाला पाठवायची, आणि खर्च घरटी सारखा वाटायचा असं ठरलं. आजीकडून काही घ्यायचं नाही. ती स्वतःहून देईल, आणि घेऊ नका असं मोठ्या काकांनी स्पष्ट सांगितलंय.

आता एक काम असं आहे की इतक्या नोट्समध्ये त्याचा उल्लेखच नाही: जेवणानंतरचं. भांडी, ओटा, केर, सतरंज्या. कोणी नाव घेतलं नाही तर ते काकू आणि वहिनीवर येणार, आणि त्या दोघी सकाळपासून उभ्या असणार. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. माझं सुचवणं: भांडी समीरराव, निनाददादा आणि मी. ओटा आणि केर ओंकार आणि धाकटे काका. जुळ्यांनी ताटं उचलून आणायची, ती दोघं आता एवढी मोठी झालीत. समीरराव, जावई म्हणून तुम्हाला बसवून ठेवणार नाही, तुम्हीच मागे म्हणाला होतात की परक्यासारखं वाटतं.

दोन गोष्टी अजून ठरायच्या आहेत. आजीने जुने फोटो काढायला सांगितलेत, पण पेटी कोणाकडे आहे हे नोट्समधून कळलं नाही. आत्या, तुझ्याकडे असेल तर बरोबर आण. आणि रविवारी संध्याकाळी आत्या-आतोबांची परतीची गाडी किती वाजता आहे? बाबांना त्याप्रमाणे निघावं लागेल.

कोणाचं काम चुकीचं लिहिलं असेल किंवा जमणार नसेल तर शुक्रवारी सकाळपर्यंत लिहून कळवा, व्हॉइस नोट नको, म्हणजे सगळ्यांना लगेच दिसेल. जमत असेल तर नुसतं 'हो' पुरे. आजीचं 'हो' काकूंनी लिहायचं.

— मुक्ता