ईओक्यूच्या स्लाइड्स: भवानी पेठेतल्या साखरेच्या पोत्यांवरून

ईओक्यू म्हणजे एका वेळी किती माल मागवला तर वर्षाचा खर्च सगळ्यात कमी येतो, तो आकडा. त्याचं स्लाइड १ वरचं सूत्र आत्ता पाहू नका. आधी भवानी पेठेतल्या एका किराणा ठोक दुकानात चला. पुढे गल्ला, मागे वीस बाय पंधराचं गोदाम, साखरेची थप्पी लाकडी फळ्यांवर लावलेली. पावसाळ्यात खालच्या थरातलं पोतं दाबून बघा. ओल धरून साखरेचा गठ्ठा झालेला असतो आणि तो गिऱ्हाईक परत पाठवतं. माल साठवायला पैसे पडतात, ते असे.

शेठ वर्षाला 50 किलोची 900 पोती विकतात. दर वेळी 50 पोती मागवतात, कारण त्यांचे वडील तेवढीच मागवत. हा आकडा बरोबर आहे का, एवढाच आपला प्रश्न.

स्लाइड २: ऑर्डरचा खर्च. मार्केट यार्डातून येणाऱ्या टेम्पोचं भाडं 1,400 रुपये. फोन, मोजदाद, बिल तपासणं यांचे 200 धरू. झाले 1,600. इथेच दरवर्षी निम्मा वर्ग चुकतो, म्हणून जरा थांबतो. हमाली यात धरायची नाही! हमाली पोत्यामागे असते. 900 पोती नऊ वेळा उतरवा नाहीतर अठरा वेळा, वर्षाची हमाली तेवढीच. ऑर्डरची संख्या बदलली की जो खर्च बदलतो, तोच इथे येतो. पोत्याला 10 रुपयांप्रमाणे 100 पोत्यांची हमाली यात घुसवलीत, तर उत्तर 100 ऐवजी 127 येईल आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही.

स्लाइड ३: साठवणुकीचा खर्च. पोतं 2,000 रुपयांचं. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज 12 टक्के, म्हणजे वर्षाला 240. जागा आणि खराबा महिन्याला 4 रुपये, वर्षाचे 48. एकूण 288. शेठ म्हणतील, "गोदाम माझंच आहे, भाडं कसलं?" पण तीच जागा दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलंच असतं. ते धरायचं.

आता सूत्र. फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने ते 1913 मध्ये मांडलं.

Q = √(2DS/H)

Q म्हणजे एका वेळी मागवायची पोती. D म्हणजे वर्षाची विक्री, 900; S ऑर्डरचा खर्च, 1,600; H एका पोत्याचा वर्षाचा साठवणुकीचा खर्च, 288. मुळाखाली 10,000, उत्तर 100 पोती. वर्षाला नऊ ऑर्डर, खर्च 14,400. थप्पी 100 वरून शून्यावर येते, म्हणून गोदामात सरासरी 50 पोती, त्यांचाही खर्च 14,400. दोन्ही सारखे आले, हा योगायोग नाही. किमान खर्चाच्या बिंदूवर ते सारखेच असतात. बेरीज 28,800. शेठच्या 50 पोत्यांच्या रिवाजात हीच बेरीज 36,000 होते: अठरा ऑर्डरचे 28,800 आणि साठवणुकीचे 7,200.

स्लाइड ४ वरचा एकूण खर्चाचा आलेख माझा सगळ्यात आवडता. तळाशी तो किती सपाट आहे बघा. शेठ म्हणाले, "मला महिन्यातून एकदाच मागवणं सोयीचं, 75 पोती." करा हिशेब: 19,200 अधिक 10,800, म्हणजे 30,000. फक्त 1,200 जास्त. खुशाल मागवू दे. "100 म्हणजे 100च" असं परीक्षेत लिहा. दुकानात तसा हट्ट धरू नका.

स्लाइड ५, सवलत. व्यापारी म्हणतो, एकदम 150 घ्या, पोत्यामागे 10 रुपये सोडतो. वर्षाला 9,000 वाचले. तोच टेम्पो धरला तर खर्च 31,200, म्हणजे 2,400 जास्त. वाटतं, घ्यावी सवलत. पण 150 पोती म्हणजे साडेसात टन. आपला टेम्पो पाच टनांचा, दोन गाड्या लागणार. ऑर्डरचा खर्च 3,000 होतो, सहा ऑर्डरचे 18,000, साठवणुकीचे 21,600, बेरीज 39,600. म्हणजे 10,800 जास्त देऊन 9,000 वाचवायचे. नको. गाडीत किती माल मावतो, हे सूत्राला माहीत नसतं, ते तुम्ही विचारायचं.

स्लाइड ६ थोडक्यात. रोज तीन पोती जातात, माल यायला चार दिवस. म्हणून थप्पीत 12 पोती उरली की फोन करायचा, वर थोडी राखीव. मात्र मागणी वर्षभर सारखी असते हे सूत्राचं गृहीतक गणपती-दिवाळीत टिकत नाही. त्या दिवसांत मिठाईवाल्यांची उचल वाढते, तेव्हा त्या दोन महिन्यांचा हिशेब वेगळा मांडा.

पुढच्या तासाला तूरडाळ करून आणा. वर्षाला 400 कट्टे, कट्टा 6,000 चा, व्याज तेच, जागा-खराबा वर्षाला 80, ऑर्डरचा खर्च तोच. उत्तर 40 यायला हवं. वेगळं आलं, तर हमाली कुठे शिरली ते आधी शोधा.