आठच्या आत

थर्मामीटर पुसून ईशाने तो पुन्हा जिभेखाली धरला. पुन्हा 102. सकाळचे सव्वासहा वाजले होते.

इंटर्नशिपचा तेविसावा दिवस, आणि अजून एकही खाडा नव्हता. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं, "यायचं नसेल तर आठच्या आत कळवायचं. नंतर कळवलेलं मी धरत नाही." त्यानंतर कुणी हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिने फोन घेतला. 'मॅडम, खूप खूप सॉरी, मला माहीत आहे आज तक्ता द्यायचा आहे, पण काल संध्याकाळपासूनच मला जरा कसंतरी होत होतं, आणि रात्री तर झोपच नाही, सॉरी...' वाचताना तिचाच जीव गुदमरला. सगळं पुसलं.

'आज येऊ शकणार नाही.' हे तर फारच तोडून टाकल्यासारखं. तेही पुसलं.

मग थर्मामीटरचा फोटो जोडला. क्षणभर बघत राहिली. कुणी विचारलेलंही नसताना पुरावा? फोटो काढून टाकला.

पावणेसात. अंग ठणकत होतं, पण पोटात गोळा आला होता तो तापाचा नव्हता. मागच्या आठवड्यात मॅडमनी तिच्या अहवालाचा पहिला परिच्छेद लाल पेनाने सरळ खोडला होता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वाचणाऱ्याने आता काय करायचं?' तेव्हा तिला रडू आलं होतं. आत्ता ते अक्षर डोळ्यांपुढे आलं आणि बोटं चालू लागली.

'मॅडम, गुड मॉर्निंग. मला रात्रीपासून ताप आहे, त्यामुळे आज येता येणार नाही. तक्रारींच्या तक्त्यातल्या 340 पैकी 280 नोंदी झाल्या आहेत. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, उरलेल्या 60 पिवळ्या केल्या आहेत. अकराच्या मीटिंगला तक्ता लागणार असल्याने आधी कळवते आहे. दुपारी डॉक्टरांकडे जाणार आहे. उद्याचं संध्याकाळी सहापर्यंत कळवते. – ईशा'

'सॉरी' कुठेच नव्हतं. घालावं का? कर्सर 'मॅडम'च्या पुढे लुकलुकत राहिला. तिने डोळे मिटून पाठवून दिलं.

सात वाजून चार मिनिटं. दोन निळ्या खुणा. वर 'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. ईशाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

'ठीक. 60 मी करून घेते. फाइल उघडू नकोस.'

तिचा लॅपटॉप उशीजवळ उघडाच होता. तिने हळूच झाकण लावलं. फोन ठेवणार तोच पुन्हा वाजला.

'ताप किती आहे? घरी कोणी आहे ना?'

ईशाने ते दोनदा वाचलं. मग 'आई आहे' एवढंच लिहिलं, आणि नेमका आकडा सांगायचा म्हणून थर्मामीटर पुन्हा जिभेखाली धरला.