बग: Ctrl+Enter ने सेव्ह केल्यावर शेवटचा शब्द गायब
मंडळी, संध्याकाळच्या शिफ्टमध्ये कोल्हापूर बॅचचा ऑडिओ लिहून काढताना हे सापडलं. टूल टीमलाही कळवलंय, तिकीट उघडं आहे.

असं करून बघा: फोनेटिक कीबोर्डवर "रंकाळ्यावर लई गर्दी हाय न्हवं" टाईप करा. "न्हवं"खाली अजून रेघ असतानाच Ctrl+Enter दाबा. क्लिप "Saved" दाखवते, पण परत उघडली की "न्हवं" नसतो. दर वेळी होतं. इनस्क्रिप्टवर होत नाही. माझा अंदाज, रेघ असेपर्यंतचा शब्द सेव्हमध्ये धरलाच जात नाही.

एरर येत नाही, हीच खरी अडचण. आपल्याकडच्या बोलण्यात "न्हवं", "की", "व्हय" बऱ्याचदा शेवटी येतात. ते गेले की प्रश्नाचं सरळ विधान होतं, आणि रिव्ह्यूमध्ये चूक आपल्या नावावर लागते.

तोवर शेवटच्या शब्दानंतर स्पेस द्या, रेघ गेली की सेव्ह करा. शेवटची स्पेस प्लॅटफॉर्म आपोआप काढतो, त्यामुळे फॉरमॅट बिघडत नाही. आज फोनेटिकवर केलेल्या क्लिप "Submit batch" आधी उघडून बघा. सबमिट झालेल्यांचे आयडी तिकिटात टाका. रिव्ह्यूअरनी तूर्त फक्त शेवटच्या शब्दावरून क्लिप रिजेक्ट करू नये.